एक्केचाळीस बाटल्या, सात आठवडे

माळशिरस तालुक्यात ज्याच्याकडे केळीची बाग आहे त्याला टिश्यूचं रोप म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ग्रँड नैन, म्हणजे बोलण्यातलं जी-नाईन, पिशवीतून येतं, सगळी बाग एका उंचीची वाढते आणि घडही साधारण एकाच वेळी कापणीला येतात. जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या कंपन्यांनी ही रोपं महाराष्ट्रभर पोचवली, त्यालाही आता बराच काळ लोटला. पिशवीत येण्यापूर्वी हे रोप काही महिने काचेच्या बाटलीत, साखर घातलेल्या जेलीवर वाढलेलं असतं. ती जेली रोपाला जितकी मानवते तितकीच, किंबहुना जास्तच, जीवाणूंना आणि बुरशीला मानवते. त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या किंवा बायोटेक्नॉलॉजीच्या ज्या विभागात टिश्यू कल्चरचे प्रकल्प चालतात, तिथे दरवर्षी कुणाला ना कुणाला एक पत्र लिहावं लागतं: बाटल्या कंटॅमिनेट झाल्या, मुदत वाढवून मिळावी.

बहुतेकांना हे पत्र नीट जमत नाही. एका पद्धतीत विद्यार्थी आपलं दुःख मांडतो. किती कष्ट केले, रात्री किती वाजेपर्यंत थांबलो, घरी काय अडचण आहे, आणि शेवटी ‘कृपया एक महिना वाढवून द्यावा’. महिनाच का, याचं उत्तर पत्रात कुठेच नसतं. दुसऱ्या पद्धतीत तो काहीच मांडत नाही. ‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहून मोकळा होतो. दोन्ही पत्रं वाचून गाईडला तेच दोन प्रश्न पडतात. बिघडलं कशामुळे? आणि त्याच कारणानं पुन्हा बिघडणार नाही कशावरून? या दोन प्रश्नांची उत्तरं पत्र लिहिण्याआधी बाटल्यांकडून काढून घ्यावी लागतात. म्हणून आपणही आधी बाटल्या पाहू.

उदाहरणासाठी एक विद्यार्थिनी कल्पू. माळशिरसजवळच्या गावातली, एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात शिकणारी. तिचा प्रकल्प साधा आणि नेमका आहे. केळीच्या कोंबाला बाटलीत फुटवे फुटावेत म्हणून मिडियात बीएपी नावाचं संप्रेरक घालतात. ते लिटरला 2, 4, 6 आणि 8 मिलिग्रॅम घातलं तर कोणत्या प्रमाणाला सर्वांत जास्त निरोगी फुटवे येतात, एवढंच तिला पाहायचं आहे. प्रबंध 31 मेपर्यंत द्यायचा आहे.

6 जानेवारीला तिनं घरच्या बागेतून 24 मुनवे आणले. पानं अजून अरुंद, तलवारीसारखी असलेले मुनवे यासाठी बरे पडतात. बाहेरच्या पानांचे पापुद्र्यामागून पापुद्रे सोलत दोन-तीन सेंटिमीटरचा गाभा उरवायचा, तो धुवायचा, 0.1 टक्का मर्क्युरिक क्लोराईडमध्ये काही मिनिटं ठेवायचा आणि निर्जंतुक पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचा. हे रसायन विषारी आहे, त्याचं सांडपाणी बेसिनमध्ये ओतत नाहीत. मग लॅमिनारच्या स्वच्छ हवेत तो गाभा आणखी छाटून मिडियावर बसवायचा. मिडिया म्हणजे मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी 1962 साली प्रसिद्ध केलेलं क्षारांचं मिश्रण, त्यात लिटरला 30 ग्रॅम साखर आणि घट्ट होण्यापुरतं अगर. आम्लता 5.8 ला आणून 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह केलेलं.

पहिल्या दहा दिवसांत सात बाटल्या गेल्या. कापसासारखी पांढरी बुरशी आली, दोन बाटल्यांत ती पुढे हिरवट झाली. शेतातून आणलेल्या मालात एवढी गळती कुणी मनाला लावून घेत नाही. उरलेल्या 17 गाभ्यांना तिनं क्रमांक दिले. त्या प्रत्येकापासून पुढे जे काही वाढेल ती एक ओळ, आणि ओळीचा क्रमांक पुढच्या प्रत्येक बाटलीवर मार्करनं लिहायचा. हे कंटाळवाणं काम बहुतेक जण दुसऱ्या सबकल्चरला सोडून देतात. तिनं सोडलं नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

दर चार आठवड्यांनी सबकल्चर करत तिनं 31 मार्च, 1 एप्रिल आणि 2 एप्रिल या तीन दिवसांत मुख्य प्रयोगाच्या 60 बाटल्या भरल्या. दर दिवशी 20, बीएपीच्या प्रत्येक प्रमाणाला 15. शिवाय कोंब न लावलेल्या सहा नुसत्या मिडियाच्या बाटल्या शेजारी ठेवल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ग्रोथ रूमचा एसी दोन दिवस बंद पडला. सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल. कमाल-किमान तापमापीवर 36 अंशांची खूण राहिली. खोली एरवी 25 च्या आसपास ठेवतात. 12 एप्रिलला कोंबांच्या बुडाशी जेलीत दुधट कडी दिसू लागली. 16 एप्रिलपर्यंत 60 पैकी 41 बाटल्यांत तसंच झालं.

अशा वेळी पहिला विचार येतो तो सगळं धुऊन टाकण्याचा. ते करू नये, कारण बाटल्यांच्या रांगेत काय झालं ते वाचता येतं. सुरुवात वेळेपासून आणि जागेपासून करायची. बुरशी बहुधा आठवड्याच्या आत दिसते आणि वरून, बुचाकडून किंवा कोंबाच्या पृष्ठभागावरून येते. जेलीच्या पृष्ठभागावर इथे-तिथे, कोंबापासून लांब, सुटे ठिपके उठले तर ते भरताना पडलेले आहेत: हात, चिमटा, श्वास किंवा लॅमिनारमधून आलेली हवा. आणि कडं कोंबाच्या बुडाशीच सुरू होऊन बाहेर पसरत असेल, तर जीवाणू कोंबाबरोबर आत आलेले आहेत. रोपाच्या पेशींच्या मधल्या जागेत, रसवाहिन्यांत असे जीवाणू राहतात. केळीत ते सर्रास सापडतात आणि शेतातल्या झाडाला त्यांचा काही त्रासही नसतो. मर्क्युरिक क्लोराईड पृष्ठभाग स्वच्छ करतं, आतल्या जीवाणूपर्यंत ते पोचत नाही. असा जीवाणू दोन-तीन सबकल्चर न दिसता काढू शकतो. मग एखाद्या गरम आठवड्यात कोंबाची वाढ मंदावते, जीवाणूची वाढ जोर धरते, आणि तो बाहेर येतो.

नुसत्या कड्यांवर भरवसा ठेवून भागत नाही, म्हणून यादी करायची. तिनं 60 बाटल्यांची यादी तीन वेळा, तीन वेगवेगळ्या रकान्यांनी लावली.

आधी भरल्याच्या दिवसानुसार. 31 मार्चच्या 20 पैकी 14 खराब, 1 एप्रिलच्या 13, 2 एप्रिलच्या 14. एखाद्या दिवशी लॅमिनारमध्ये गडबड झाली असती, तर त्या दिवसाच्या बाटल्या उठून दिसल्या असत्या. चिमटे बुडवायच्या अल्कोहोलवर संशय घ्यायलाही हाच रकाना लागतो. 70 टक्के अल्कोहोलमध्ये बॅसिलस जातीच्या जीवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. ते त्या बरणीत नांदतात आणि चिमटा ज्योतीवर नीट तापवला नाही तर बाटलीमागून बाटलीत जातात. तसं झालं तर खराबी भरण्याच्या क्रमानं, ओळीनं लागोपाठ बाटल्यांत दिसते. इथे तशी दिसत नव्हती.

मग बीएपीच्या प्रमाणानुसार. 10, 11, 9, 11. इथेही काही नाही. मिडियाची एखादी खेप नीट ऑटोक्लेव्ह झाली नसती, तर एक प्रमाण पूर्ण गेलं असतं आणि नुसत्या मिडियाच्या बाटल्याही गढूळ झाल्या असत्या. त्या सहाही स्वच्छ होत्या.

शेवटी ओळीच्या क्रमांकानुसार, आणि इथे चित्र एकदम उघडं पडलं. 17 पैकी चार ओळींच्या मिळून 15 बाटल्या होत्या, त्यातली एकही खराब नाही. उरलेल्या 13 ओळींच्या 45 बाटल्यांतल्या 41 खराब. म्हणजे खराबी दिवसाला, हाताला किंवा मिडियाला चिकटलेली नव्हती. ती वंशाला चिकटलेली होती. जीवाणू मुनव्यातूनच आले, किंवा आधीच्या एखाद्या सबकल्चरला त्या ओळींत शिरले आणि तेव्हापासून त्यांच्याबरोबर चालत आले. या दोहोंत नेमकं काय ते ही यादी सांगू शकत नाही, आणि पत्रातही तसं सांगितल्याचा आव आणायचा नाही.

आता त्या चार बाटल्या, ज्या खराब ओळींतल्या असून स्वच्छ दिसतात. हातातून सोडवत नाहीत त्या याच. पण त्यांच्या सख्ख्या बाटल्या गढूळ झाल्या आहेत आणि यांच्यात जीवाणू अजून दिसण्याइतके वाढलेले नाहीत, एवढाच अर्थ घेणं शहाणपणाचं. स्वच्छ दिसण्यावर विसंबल्यामुळे विज्ञानात फार मोठ्या माणसांचे पाय घसरले आहेत. 1966 साली स्टॅनली गार्टलर या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञानं माणसाच्या वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या 18 पेशी-वाणांची तपासणी मांडली. सगळ्यांत एका विकराचा असा प्रकार निघाला, जो आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो आणि गोऱ्या लोकांत जवळजवळ नसतो. हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णी स्त्रीच्या अर्बुदातून 1951 साली वाढवलेल्या हेला पेशी त्या सगळ्या बाटल्यांत शिरून मूळच्या पेशींना हुसकावून बसल्या होत्या. त्या बाटल्यांत गढूळपणा नव्हता, वास नव्हता. पेशी छान वाढत होत्या. आपल्या विद्यार्थिनीचं संकट त्या मानानं सभ्य, निदान डोळ्यांना दिसणारं.

म्हणून तिच्या चार चांगल्या ओळींनाही ‘स्वच्छ’ म्हणण्याआधी एक तपासणी लागते. कोंबाच्या बुडाची पातळ चकती कापायची आणि जीवाणूंना भरपूर पोषण देणाऱ्या मिडियावर, म्हणजे न्यूट्रिएंट अगरसारख्या प्लेटवर, दाबून ठेवायची. रोपाच्या मिडियावर दबून राहणारे अनेक जीवाणू इथे डोकं वर काढतात. 28 ते 30 अंशांवर ठेवून दोन आठवडे पाहायचं. दोन दिवसांत प्लेट कोरी दिसली म्हणून निकाल लावायचा नाही, कारण हळू वाढणारे जीवाणू उशिरा दिसतात. आणि दोन आठवड्यांनी कोरी राहिली तरी तिचा अर्थ मर्यादित असतो: त्या चकतीत, त्या मिडियावर वाढू शकणारा जीवाणू सापडला नाही. त्यामुळे पुढच्या सबकल्चरला तपासणी पुन्हा करायची असते.

गाईड हमखास विचारेल असा एक सोपा वाटणारा उपाय म्हणजे मिडियात अँटिबायोटिक घालणं. सेफोटॅक्झिमसारखी औषधं टिश्यू कल्चरमध्ये वापरतात हे खरं. पण ती बहुधा जीवाणूला दाबून ठेवतात, औषध काढलं की तो परत येतो. शिवाय अशा औषधांचा रोपाच्या वाढीवर आणि फुटव्यांवरही परिणाम होतो. ज्या प्रयोगात फुटवे हेच मोजायचे आहेत, तिथे फुटव्यांवर परिणाम करणारी दुसरी गोष्ट आपल्या हातानं घालण्यात अर्थ नाही. याच कारणानं 41 बाटल्यांतल्या कोंबांची मोजणीही वापरता येत नाही, जरी त्यातले काही कोंब हिरवेगार असले तरी. काही जीवाणू स्वतःच वाढीची संप्रेरकं तयार करतात. मग दिसलेले फुटवे बीएपीचे की जीवाणूंचे, हे सांगायला कुणी उरत नाही.

आता मुदत. ती कॅलेंडरवर बोट ठेवून ठरवण्याची गोष्ट नाही, केळीचा कोंब किती वेळ घेतो त्यावर ती ठरते. तिच्यापुढे दोन रस्ते होते. पहिला, शेतातून नवे मुनवे आणून सगळं पुन्हा सुरू करणं. गाभा बसण्यासाठी चार आठवडे, दोन सबकल्चरचे चार-चार, मुख्य प्रयोगाचे चार, मोजणी आणि लेखनाचे तीन. एकूण 19 आठवडे. 20 एप्रिलपासून मोजलं तर 31 ऑगस्ट. नव्या मुनव्यांत जीवाणू नसतील याचीही काही खात्री नाही.

दुसरा रस्ता चार चांगल्या ओळींवरून पुढे जाण्याचा. तपासणीला दोन आठवडे. मग लगेच प्रयोग लावता येईल असं वाटतं, पण येत नाही. या 15 बाटल्यांतले कोंब गेले काही दिवस वेगवेगळ्या प्रमाणांच्या बीएपीवर वाढलेले आहेत आणि आधीच्या मात्रेचा परिणाम पुढच्या सबकल्चरमध्येही रेंगाळतो. सगळ्यांना आधी एकाच मिडियावर चार आठवडे वाढवून एका पातळीवर आणावं लागेल. त्यात कोंबांची संख्याही पुरेशी होईल. मग प्रयोगाचे चार आणि लेखनाचे तीन. एकूण 13 आठवडे, म्हणजे 20 जुलै. मूळ तारखेपेक्षा सात आठवडे जास्त. बाटल्याही 60 ऐवजी 48 घ्यायच्या, म्हणजे चारही ओळी चारही प्रमाणांत सारख्या वाटता येतात, प्रत्येक जोडीला तीन बाटल्या. पूर्वी ओळी जशा हाताला आल्या तशा वाटल्या गेल्या होत्या. नवी मांडणी आकारानं लहान असली तरी जुनीपेक्षा चांगली आहे, आणि चांगल्या गाईडच्या नजरेतून ते सुटत नाही.

एवढं हाताशी आलं की पत्र लिहायला अर्धा तास पुरतो.

*

दि. 18 एप्रिल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

विषय: केळी सूक्ष्मप्रजनन प्रकल्पास 20 जुलैपर्यंत मुदतवाढ मिळण्याबाबत

माझ्या प्रकल्पाच्या 60 बाटल्यांपैकी 41 बाटल्या जीवाणूंच्या संसर्गाने खराब झाल्या आहेत. पहिली खूण 12 एप्रिल रोजी दिसली. 31 मेपर्यंत प्रकल्प पूर्ण करणे आता शक्य नाही. म्हणून 20 जुलैपर्यंत, म्हणजे सात आठवडे, मुदत वाढवून मिळावी अशी विनंती करते.

संसर्ग कोंबाच्या बुडाशी सुरू होतो. कोंब न लावलेल्या सहा बाटल्या स्वच्छ आहेत. भरल्याचा दिवस किंवा बीएपीचे प्रमाण यांच्याशी खराबीचा संबंध दिसत नाही, परंतु ओळींशी स्पष्ट दिसतो: चार ओळींच्या सर्व 15 बाटल्या चांगल्या आहेत, उरलेल्या 13 ओळींच्या 45 पैकी 41 खराब आहेत. खराब बाटल्यांतील नमुन्याच्या ग्रॅम रंजनात ग्रॅम-ऋण दंडाकृती जीवाणू दिसले. यावरून जीवाणू मुनव्यांतून किंवा आधीच्या सबकल्चरमधून आले असावेत असे वाटते. या दोहोंपैकी कोणते, हे मला निश्चित सांगता येत नाही. एसी बंद असताना खोलीचे तापमान 36 अंशांपर्यंत गेले होते. त्यामुळे दबलेले जीवाणू लवकर दिसले असावेत, मात्र मूळ कारण तेच होते असे मी म्हणत नाही. मुनवे आणल्यावर पहिल्या सबकल्चरलाच मी चकत्यांची तपासणी करायला हवी होती. ती मी केली नव्हती.

पुढील काम असे करण्याचा विचार आहे. 20 एप्रिल ते 4 मे, चार ओळींच्या प्रत्येक बाटलीतील चकतीची न्यूट्रिएंट अगरवर तपासणी. 4 मे ते 1 जून, सर्व कोंब एकाच मिडियावर. 1 जून ते 29 जून, चार प्रमाणांचा प्रयोग 48 बाटल्यांत, प्रत्येक ओळ प्रत्येक प्रमाणात तीन बाटल्या. त्यानंतर तीन आठवडे मोजणी, विश्लेषण आणि लेखन. चांगल्या दिसणाऱ्या परंतु खराब ओळींतील चार बाटल्या मी वापरणार नाही. 41 बाटल्यांची मोजणी निष्कर्षात घेणार नाही, परंतु संसर्गाची नोंद आणि तक्ता प्रबंधात देईन.

4 मे रोजी तपासणीचा निकाल घेऊन मी आपल्याला भेटेन. तीनच ओळी स्वच्छ निघाल्या तरी 36 बाटल्यांवर याच तारखांत काम होईल. दोन किंवा कमी निघाल्या तर हा प्रयोग पुरा होणार नाही. अशा वेळी केळीतील या जीवाणूंची ओळींनुसार तपासणी हाच विषय मर्यादित स्वरूपात मांडता येईल का, याबद्दल आपले मार्गदर्शन हवे आहे. आणखी मुदत मी मागणार नाही.

यासाठी ग्रोथ रूममधील सध्याची एक मांडणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि साधारण तीन लिटर मिडिया लागेल. 29 जूनच्या सुमारास पालख्या तालुक्यातून जात असतील आणि रस्ते बंद असतील, तर मोजणी दोन-तीन दिवस आधी करेन. सर्व बाटल्यांची एकाच दिवशी करेन.

पाच खराब बाटल्या बंद स्थितीत, खूण करून, वेगळ्या ट्रेमध्ये ठेवल्या आहेत. आपण पाहिल्यावर त्या उरलेल्यांसह न उघडता ऑटोक्लेव्ह करून टाकेन. तिन्ही याद्या आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली विद्यार्थिनी

*

पत्र एका पानात बसतं. मागणी आणि तारीख पहिल्याच परिच्छेदात आहे. मुदत वाढवण्याचा अधिकार बहुधा एकट्या गाईडचा नसतो. तिला ते पत्र विभागप्रमुखांकडे न्यावं लागतं, आणि तिथे सविस्तर वाचायला कुणाला वेळ नसतो. ‘सात आठवडे, 20 जुलै’ एवढं वरच सापडलं पाहिजे.

एसीचं वाक्य मात्र सांभाळून वाचण्यासारखं आहे. वीज, एसी, ऑटोक्लेव्ह ही विभागाची जबाबदारी. तिथे दोष टाकला की आपण सुटलो असा मोह होतो. पण यादीच तो मोह खोटा पाडते. एसी 17 ही ओळींसाठी बंद होता, तरी चार ओळी धडधाकट राहिल्या. उष्णतेनं लपलेलं बाहेर काढलं इतकंच धरता येतं, आणि पत्रात तितकंच लिहिलं आहे. आपली राहिलेली तपासणीही तिनं एका वाक्यात सांगितली आणि तिथेच थांबली. माफीचे दोन परिच्छेद लिहिले असते तर गाईडला त्यातून कामाचं काही मिळालं नसतं.

मांडणी आणि मिडियाचा हिशेब बारीकसा वाटेल, पण गाईडचा नकार पुष्कळदा इथूनच येतो. ग्रोथ रूममधली जागा मोजकी असते आणि जूनमध्ये पुढच्या तुकडीचे कोंब तिथे यायचे असतात. 48 बाटल्या, बाटलीला 40 मिलिलिटर, म्हणजे प्रयोगाला दोन लिटरला थोडा कमी मिडिया. आधीच्या सबकल्चरला आणखी लिटरभर. एवढं लिहिलं की गाईड मनातल्या मनात रसायनांच्या कपाटाकडे पाहून हो म्हणू शकते. खराब बाटल्या आपण पाहीपर्यंत बंद ठेवल्या आहेत, या वाक्यामागेही तसंच कारण आहे. एक गढूळ बाटली लॅमिनारमध्ये उघडली तर दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या बाटल्याही धोक्यात येतात.

पालखीचा उल्लेख पुण्या-मुंबईच्या गाईडला कदाचित विचित्र वाटेल. इथे तो कामाचा आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते आणि तुकाराम महाराजांची अकलूजवरून. त्या दिवसांत तालुक्यातून कॉलेजला वेळेवर पोचणं कुणाच्या हातात नसतं. मोजणी दोन दिवस अलीकडे आली तर निकालात फारसा फरक पडत नाही. मात्र निम्म्या बाटल्या 27 तारखेला आणि निम्म्या 1 जुलैला मोजल्या तर पडतो, कारण तेवढ्या दिवसांत वाढलेले कोंब नव्या फुटव्यांत धरले जातात. ‘एकाच दिवशी’ हे शब्द तिनं त्यासाठी घातले.

हे पत्र वाचून गाईड बहुधा दोन गोष्टी विचारेल. पहिली, चारच ओळी घेऊन काढलेला निष्कर्ष जी-नाईनला लागू होतो असं म्हणता येईल का? मुनवे एकाच बागेतले असल्यानं आणि टिश्यूच्या रोपांची बाग एकाच वाणाची असल्यानं, ओळी कमी झाल्यानं फार बिघडत नाही. पण ‘एका बागेतील चार मुनव्यांवरून’ असं प्रबंधात स्पष्ट लिहावं लागेल. दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. या चार ओळींतही जीवाणू असले, पण न्यूट्रिएंट अगरवर न वाढणारे असले तर? त्याला पूर्ण उत्तर नाही. 20 एप्रिलला आणि पुन्हा 1 जूनला, म्हणजे प्रयोग लावण्याच्या दिवशी, चकत्या घ्यायच्या. दुसऱ्या तपासणीच्या प्लेटा जूनच्या मध्यापर्यंत पाहत राहायच्या, आणि त्यात एखादी ओळ गढूळली तर त्या ओळीच्या 12 ही बाटल्या सगळ्या प्रमाणांतून एकदम बाद करायच्या. प्रत्येक ओळ चारही प्रमाणांत सारखी वाटलेली असल्यामुळे उरलेल्या 36 बाटल्यांची तुलना तेव्हाही शाबूत राहते.